आधी हात रमतात, मग मूल

जूनच्या मध्यात बालवाड्या सुरू होतात आणि पहिल्या दिवशी फाटकाशी रडारड होणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. मूल आईच्या ओढणीला घट्ट धरून उभं राहतं. आतून मावशी येतात, त्याची बोटं एकेक करून सोडवतात आणि त्याला उचलून आत नेतात. फाटक लागतं. बाहेर आई डोळे पुसत उभी असते आणि शेजारच्या दोघीतिघी तिला सांगतात, ‘रडू दे, चार दिवसांत होईल सवय.’

बहुतेक मुलांना सवय होते, हे खरंच आहे. पण ते चार दिवस कसे जावेत, हे बरंचसं आपल्या हातात असतं. फाटकापासून वर्गापर्यंतच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत मुलासमोर काय ठेवलं आहे, त्याच्याजवळ कोण बसलं आहे आणि आई किंवा बाबा कसे निघून जातात, या तीन गोष्टींची नीट आखणी केली, तर ओढाताणीची वेळ क्वचितच येते. बालवाडीत काम करणाऱ्या आम्हा ताईंना हे अनुभवानं कळतं. त्यामागची कारणं पालकांनाही माहीत असायला हवीत, कारण यातलं निम्मं काम त्यांचं आहे.

तीन-साडेतीन वर्षांचं मूल अनोळखी जागी घाबरलं, की आपल्या माणसाला चिकटतं आणि त्याचं खेळणं थांबतं. आपलं माणूस जवळ आहे याची खात्री पटली, की ते हळूहळू सुटतं आणि इकडेतिकडे हात घालायला लागतं. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आधी युगांडात आणि पुढे अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आया आणि तान्ह्या मुलांचं बारकाईनं निरीक्षण केलं. अनोळखी खोलीत आई असताना, ती गेल्यावर आणि परतल्यावर मूल खेळण्यांशी काय करतं, हे त्यांनी टिपून ठेवलं. आपल्या कामाचं सूत्र त्यातच सापडतं. मूल रडतंय की नाही यापेक्षा त्याचे हात कशात आहेत, यावरून त्याची अवस्था जास्त नेमकी कळते. डोळ्यांतून पाणी येतंय, हुंदके चालू आहेत, पण हात वाटीनं पाणी भरताहेत, असं मूल सावरायच्या वाटेवर असतं. आणि एखादं अजिबात रडत नाही, दप्तर पोटाशी धरून भिंतीशी बसून राहतं, हात कशालाच लावत नाही. त्याच्याकडे आधी जायला हवं. गलबल्यात नेमकं तेच मागे पडतं, कारण ते कोणाला त्रास देत नाही.

म्हणून पहिल्या दिवसाचा खेळ निवडताना एक कसोटी लावावी. रडत रडत, न बोलता, आईच्या शेजारी उभं राहून एका हातानं तो करता येतो का? या कसोटीला बहुतेक शाळांची पहिल्या दिवसाची तयारी उतरत नाही. फुगे, कार्टूनचे मुखवटे घातलेली माणसं, मोठ्यानं लावलेली गाणी हे सगळं फोटोत छान दिसतं. मात्र घाबरलेल्या मुलाला आवाज आणि मोठे चेहरे आणखी घाबरवतात. गोल करून म्हणायची गाणी बालवाडीचा जीव आहेत, पण ती चौथ्या-पाचव्या दिवसापासून. त्यात अनोळखी मुलांचे हात धरावे लागतात, सगळ्यांबरोबर हातवारे करावे लागतात. पहिल्या दिवशी एवढं मागणं जास्तच आहे. रंगवायचा कागदही नको, कारण कागदावर बरोबर आणि चूक असतं. टीव्हीवर कार्टून लावलं तर वर्ग शांत होतो हे खरं. पण मूल तेवढा वेळ पडद्यात हरवतं आणि पडदा बंद झाला की रडणं होतं तिथून सुरू होतं. मधल्या वेळात त्याची ताईशी ओळख झालेलीच नसते.

कसोटीला सगळ्यात चांगलं उतरतं ते पाणी. पसरट टब घ्यावा, चार मुलांमागे एक. त्यात चार बोटं पाणी, पावसाळी गारठा असेल तर थोडं कोमट करून. सोबत स्टीलच्या वाट्या, नरसाळं, चहाची गाळणी, एखादी करवंटी, पाणी ओतायला दोन लहान बाटल्या. टब जमिनीवर न ठेवता मुलाच्या कमरेएवढ्या बाकावर ठेवला, तर त्याला आईचा हात न सोडता उभं राहून खेळता येतं. पाणी ओतायचं, भरायचं, पुन्हा ओतायचं. या खेळात चुकायला काही नाही, संपायला काही नाही आणि एकच हालचाल पुन्हा पुन्हा केल्यानं श्वास आपोआप संथ होतो. एक पथ्य मात्र कडक आहे. लहान मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं. टबाशी एक मोठं माणूस सतत हवं आणि खेळ संपला की टब तिथल्या तिथे रिकामा व्हायला हवा. एवढी माणसं नसतील, तर पाणी ठेवूच नये.

पाण्याच्या जागी चालेल अशी दुसरी गोष्ट म्हणजे मळलेला गोळा. दोन वाट्या मैदा किंवा कणीक, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल आणि लागेल तसं पाणी. मिठामुळे तो टिकतो आणि खारट लागल्यानं मुलं सहसा दुसरा घास घेत नाहीत. तरी पोटात मीठ जास्त जाणं बरं नाही, म्हणून लक्ष ठेवावंच लागतं. शाडूची माती मिळाली तर उत्तम. गोळा दाबणं, तोडणं, आपटणं यात राग बाहेर काढायला जागा मिळते. रडण्यात दुःखाइतकाच रागही असतो. आपल्याला न विचारता इथे आणून सोडलं, याचा तो राग असतो.

कडधान्यं निवडण्याचा खेळ बालवाडीत जुना आणि फार चांगला आहे. पहिल्या आठवड्यात मात्र तो नको. हरभरा, वाटाणा, मणी हे घाबरलेल्या मुलाच्या तोंडात किंवा नाकात जायला वेळ लागत नाही आणि त्या दिवसांत प्रत्येक हातावर लक्ष ठेवणं ताईंना शक्य नसतं. निवडायला काही द्यायचंच असेल, तर बरण्यांची मोठी झाकणं द्यावीत.

तिसरा खेळ थोडा वेगळा आहे आणि माझा सर्वांत आवडता. एका रिकाम्या डब्याला हातभर सुतळी बांधायची. डबा बाकामागे टाकायचा, तो दिसेनासा होतो. सुतळी ओढायची, तो परत येतो. ताईनं एकदा करून दाखवलं, की मूल पुढची दहा मिनिटं तेच करत राहतं. फ्रॉइड यांनी 1920 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आपल्या दीड वर्षांच्या नातवाचा असाच खेळ नोंदवला आहे. तो दोरीला बांधलेलं लाकडी रीळ पलंगापलीकडे टाकायचा आणि परत ओढून घ्यायचा. आईचं जाणं-येणं मुलाच्या हातात नसतं. खेळात ते तो स्वतःच्या हातात घेतो, असं फ्रॉइड यांनी त्याचं स्पष्टीकरण दिलं. त्यांची सगळी मतं मान्य नसली, तरी हे निरीक्षण कोणत्याही घरात पडताळून पाहता येतं. आपल्याकडे तान्ह्या बाळाशी खेळतात ते ‘बुवा कुक’ही त्याच जातीचं. म्हणून शाळा सुरू होण्याआधीच्या महिन्यात घरी लपाछपी भरपूर खेळावी. लपलेला माणूस सापडतो, हे मुलाच्या अंगात मुरायला हवं.

आता एक मुलगी डोळ्यांसमोर आणू. वय साडेतीन वर्षं, घरात आई आणि आजी. आजवर ती कोणाकडे एकटी राहिलेली नाही. वर्गात तीस मुलं, दोन ताई आणि एक मावशी. शाळेची वेळ साडेआठ ते साडेअकरा. सगळी तीस मुलं एकाच सकाळी आली तर दोन ताई काहीही करू शकणार नाहीत, कारण एकाचं रडणं दुसऱ्याला लागतं. म्हणून पहिले तीन दिवस दहा-दहाचे तीन गट करायचे आणि प्रत्येक गटाला फक्त एक तास बोलवायचं. प्रत्येक मुलासोबत घरचं एक माणूस आत येईल.

पहिल्या दिवशी या मुलीनं आईचा पदर सोडला नाही, तर तिला तो सोडायला सांगायचं नाही. आई टबाशेजारी बसेल, पण खेळायला लावणार नाही आणि सारखं ‘बघ बघ, किती छान’ असंही म्हणणार नाही. ताई समोर बसून स्वतः पाणी ओतत राहील. मुलीकडे टक लावून बघायचं नाही, तिचं नाव दहा वेळा घ्यायचं नाही. काही वेळानं गाळणी तिच्या हाताजवळ सरकवायची, एवढंच. तासाभरात तिनं नुसतं बघितलं तरी पहिला दिवस व्यवस्थित गेला.

बर्लिनमध्ये 1980च्या दशकात पाळणाघरांसाठी बसवलेली एक पद्धत जर्मनीत आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिचा गाभा हाच आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा खोलीतच असतात आणि त्यांना बाहेर पाठवण्याचा प्रयत्नसुद्धा केला जात नाही. चौथ्या दिवशी ते मुलाला सांगून थोडा वेळ बाहेर जातात. मूल रडलं, पण सांभाळणाऱ्या बाईंनी जवळ घेतल्यावर काही मिनिटांत शांत झालं, तर बाहेर राहण्याचा वेळ अर्ध्या तासापर्यंत न्यायचा. शांत झालंच नाही, तर आईनं लगेच परत यायचं आणि पुढचा प्रयत्न काही दिवसांनी करायचा. आमच्या तीस मुलांच्या वर्गात ती पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. पण तिची कसोटी उसनी घेण्यासारखी आहे. मूल रडलं का, हे मोजायचं नाही. ताईजवळ शांत होतं का, ते बघायचं.

आपल्या मुलीच्या चौथ्या दिवशी मग निरोप येतो. तो वर्गात खेळ सुरू झाल्यावर द्यायचा, फाटकाशी नाही. आई तिच्या उंचीला वाकते, एकच वाक्य सांगते, ‘मी आता घरी जाते, गाणं झालं की न्यायला येते,’ तळहातावर बोट टेकवते आणि उठते. त्यानंतर मुलीनंच आईला दारापर्यंत ढकलत न्यायचं, असा खेळ करता येतो. दोन्ही हातांनी आईला ढकलायचं, आईनं थोडं अडखळत हसत बाहेर जायचं. मग खिडकीशी ठेवलेल्या स्टुलावर ताईबरोबर उभं राहून हात हलवायचा. सोडून जाण्याऐवजी पाठवणी होते आणि पाठवणारी ती स्वतः असते. यानंतरही ती रडेल. पण आई कुठे गेली, हे तिला माहीत असेल.

बरेच पालक इथेच चुकतात, आणि कधी कधी शाळाच त्यांना तसं सांगते. मूल खेळात गुंतलं की गुपचूप सटकायचं. दोन मिनिटांनी मूल वर बघतं आणि आई नसते. त्या दिवशीचं रडणं वाचलं असं वाटतं, पण दुसऱ्या दिवसापासून ते मूल खेळत नाही. खेळायला लागलं की आई नाहीशी होते, एवढंच ते शिकलेलं असतं. ‘आत्ता आले, पाणी पिऊन येते’ या थापेचाही परिणाम तोच. उलट लांबलेला निरोपही वाईट. तीनदा परत येऊन पापा घेतला, की आईलाच इथे काहीतरी भीतीचं वाटतंय, असं मुलाला वाटतं. आईला स्वतःला आवरणं कठीण असेल, तर पहिला आठवडा बाबांनी किंवा आजोबांनी सोडायला यावं. आईला चिकटणारी कित्येक मुलं आजोबांचा हात सहज सोडतात.

‘साडेअकराला येते’ याला त्या वयात काही अर्थ नसतो. घड्याळ समजायला अजून काही वर्षं आहेत. त्यासाठी वर्गात एक सुतळी बांधून तिच्यावर ओळीनं चार चित्रं लावावीत: पाण्याचा टब, डबा, गाणं, आणि शेवटी फाटकाशी उभं असलेलं घरचं माणूस. कपडे वाळत घालायचा चिमटा पहिल्या चित्राला लावायचा आणि ते काम झालं की एका मुलानं तो पुढच्या चित्रावर सरकवायचा. ‘आई कधी येणार?’ असं कोणी विचारलं, की ताई त्याला सुतळीकडे नेते. चिमटा कुठे आहे? डब्यावर. मग अजून काय राहिलं? गाणं. रडणाऱ्या मुलालाच चिमटा सरकवायला दिला, तर बघता बघता ते त्या कामाचं मालक होतं. पण हे चित्र पालकांनी खरं करून दाखवलं पाहिजे. पहिले दोन आठवडे सुटायच्या दहा मिनिटं आधी फाटकाशी हजर असावं. बाकीची मुलं गेली आणि आपण एकटेच उरलो, हा अनुभव आठवडाभराची मेहनत पाण्यात घालवतो. याच कारणानं पहिल्या दोन आठवड्यांत शाळेची रिक्षा किंवा व्हॅन लावू नये.

आता ताईंबद्दल. प्रत्येक मुलासाठी एकच ताई ठरलेली असावी. मायाळू माणसं पुष्कळ असली तरी तेवढ्यानं भागत नाही. इंग्लंडमधल्या जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्यानं 1969 साली ‘जॉन’ नावाचा माहितीपट केला. आई बाळंतपणासाठी रुग्णालयात गेल्यामुळे सतरा महिन्यांचा जॉन नऊ दिवस एका बालगृहात राहिला. तिथल्या तरुण परिचारिका प्रेमळ होत्या, पण पाळीनुसार बदलत होत्या. तो एकीजवळ जायचा, ती निघून जायची, मग दुसरीजवळ. हळूहळू त्यानं खाणं-खेळणं सोडलं आणि आई परत आली तेव्हा तिच्याकडे पाठ फिरवली. आपली मुलं वयानं मोठी असतात आणि तीन तासांनी घरी जातात, त्यामुळे इतकं टोक गाठलं जात नाही. तरी आज एक ताई, उद्या दुसरी, परवा बदली शिक्षिका, असं पहिल्या पंधरवड्यात होऊ देऊ नये. दोन ताईंमध्ये तीस मुलं पंधरा-पंधरा वाटून घ्यावीत आणि कोण कोणाचं, हे पालकांनाही सांगावं.

आपल्या मुलीचं पुढे काय होतं? पाचव्या-सहाव्या दिवशी ती छान राहते, घरच्यांना वाटतं झालं काम. मग रविवार येतो आणि सोमवारी फाटकाशी पहिल्या दिवसासारखंच रडणं. हे हमखास घडतं, तो मागे गेल्याचा पुरावा नाही. सोमवारी पुन्हा पाण्याचा टब बाहेर काढायचा, निरोप त्याच क्रमानं द्यायचा. काही मुलं उलट वागतात. पहिले दोन दिवस नवलाईत हसत जातात आणि रोजच यायचंय हे कळल्यावर तिसऱ्या दिवशी रडू लागतात. डब्याच्या वेळी अचानक रडू येणं हेही नेहमीचं, कारण डबा उघडला की घराचा वास येतो. आईचा एखादा वापरलेला रुमाल खिशात असेल तर अशा वेळी उपयोगी पडतो. घरून काही आणायचं नाही, असा शाळेचा नियम असेल, तर त्याला रुमालापुरता अपवाद करून घ्यावा.

दोन आठवडे उलटूनही रडणं तेवढंच असेल, तर विरहाखेरीज दुसरं कारण शोधावं. कित्येकदा ते शाळेच्या संडासात सापडतं. अंधार, ओली फरशी, अनोळखी भांडं. मूल शू दाबून ठेवतं आणि घरी जायचं म्हणून रडतं. डब्याचं घट्ट झाकण उघडत नाही, भाषा कळत नाही, एखादं मूल चावतं, अशी कारणंही असतात. मुलाला ‘का रडतोस?’ असं विचारून ती कळत नाहीत. दिवसातल्या नेमक्या कोणत्या वेळी रडू येतं, हे आठवडाभर लिहून ठेवलं की कळतात. चार आठवड्यांनंतरही मूल ताईजवळ शांत होत नसेल, सकाळी उलट्या होत असतील, झोप मोडत असेल किंवा घरातसुद्धा आईला दुसऱ्या खोलीत जाऊ देत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावं. वर्गात दिवसच्या दिवस न बोलणारं, न खेळणारं मूल मात्र चार आठवडे थांबण्यासारखं नसतं.

आपल्याकडे बालशिक्षणाची सुरुवात करणाऱ्यांना फाटकाची अडचण फार लवकर कळली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. आईच्या डोळ्यांसमोर, ओळखीच्या मातीत शाळा भरायची. अंगणवाडी या कल्पनेचा उगम तिथला आहे.

शहरातल्या शाळांना अंगणात जाता येणार नाही. फाटक पहिल्या आठवड्यापुरतं उघडं ठेवणं मात्र त्यांना शक्य आहे. सुरक्षेचं कारण पुढे केलं जातं, पण दहा मुलांच्या गटासोबत दहा ओळखीची माणसं आत आल्यानं सुरक्षा बिघडत नाही. त्यांची नावं फाटकाशी लिहून घेता येतात. प्रवेश घेताना पालक फी, बस आणि गणवेश यांची चौकशी करतातच. त्याबरोबर एवढंही विचारावं: पहिल्या दिवशी किती मुलं एका वेळी बोलावता, आम्हाला आत किती वेळ बसू देता आणि आमच्या मुलाची ताई कोण? या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या शाळेकडे तयार आहेत, तिथे मूल निर्धास्तपणे घालावं.